डायलिसिस विभागाचे बजेट: गेल्या वर्षीच्या आकड्यावर दहा टक्के, की शून्यापासून मांडणी?

खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या ट्रस्टच्या रुग्णालयांत डिसेंबर-जानेवारीत बजेटची बैठक साधारण एकाच पद्धतीने होते. अकाउंट्सवाले गेल्या वर्षीचा तक्ता उघडतात, प्रत्येक ओळीपुढे दहा टक्के वाढवतात, विभागप्रमुख पंधरा मागतात आणि बारावर सही होते. यालाच वाढीव पद्धतीचे बजेट म्हणतात. पद्धत सोपी आहे आणि बऱ्याच ओळींसाठी ती योग्यही आहे. गडबड फक्त एका ठिकाणी होते. ज्या आकड्यावर टक्के लावले तो मूळ आकडाच चुकीचा असेल, तर ती चूक दरवर्षी दहा टक्क्यांनी फुगत जाते आणि तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही.

शून्याधारित पद्धतीत गेल्या वर्षीचा आकडा बाजूला ठेवून विचारायचे असते की हा विभाग नेमके कोणते काम करतो, किती करतो, आणि तेवढ्या कामाला काय लागते. अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत पीटर पीर यांनी ही पद्धत बसवली आणि १९७० मध्ये त्यावर लेख लिहिला. जॉर्जिया राज्यात आणि पुढे अध्यक्ष झाल्यावर केंद्र सरकारात जिमी कार्टर यांनी ती आणली. १९८१ मध्ये रेगन सरकारने ती मागे घेतली, कारण फरकाच्या मानाने कागदच फार वाढले होते. आपल्या शेजारी महाराष्ट्रात १९८०च्या दशकात ती आली, म्हणून ‘शून्याधारित अर्थसंकल्प’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांच्या कानावरून गेलेला असतो.

अमेरिकेच्या अनुभवातून घेण्यासारखे एवढेच की सगळ्या संस्थेचे सगळे बजेट दरवर्षी शून्यापासून मांडायला जाऊ नये. माझे मत असे आहे: जी ओळ कामाच्या संख्येबरोबर वरखाली होते ती शून्यापासून मांडावी, जी होत नाही तिला वाढीव पद्धत लावावी, आणि शून्याची मांडणी एका विभागाला तीन वर्षांतून एकदा करावी. हे कसे करायचे ते डायलिसिस विभागावर दाखवतो. डायलिसिसमध्ये काम मोजायचे एकक अगदी स्पष्ट असते: एक सत्र, चार तास, एक रुग्ण. पुढचे रुपयांचे आकडे उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्याकडचे दर तुमच्या पुरवठादाराच्या कोटेशनवरून घ्या.

आधी ओळी दोन ढिगांत टाका

विभागाचा सगळा खर्च एका कागदावर लिहून काढा. पगार, पीएफ, ईएसआय, यंत्रांचा वार्षिक देखभाल करार, विमा आणि विजेचा स्थिर आकार हा पहिला ढीग. महिन्यात दीडशे सत्रे झाली काय किंवा दोनशे झाली काय, यात फरक पडत नाही. इथे वाढीव पद्धत चालते, पण सरसकट दहा टक्के लावू नका. पगाराची माणसागणिक यादी करून कोणाची वेतनवाढ कोणत्या महिन्यात आहे ते लिहा, आणि देखभाल करारावरचा नवा आकडा जसाच्या तसा उचला. हे एका दुपारचे काम आहे.

रक्त गाळणारा डायलायझर, रक्ताच्या नळ्यांचा संच, फिस्टुलात म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीत टोचायच्या सुया, पाण्यात पातळ करून वापरायचे पार्ट-ए आणि पार्ट-बी द्रावण, रक्त गोठू न देणारे हेपरिन, सलाईन, हातमोजे-सिरिंज, जंतुनाशके आणि चाचणीपट्ट्या हा दुसरा ढीग. शून्याची मांडणी याच्यापुरती करायची.

डिझेल या दोन्हींत बसत नाही. खानापूरच्या पश्चिम भागात, जांबोटी-कणकुंबीकडे, पावसाळ्यात वीज जायला लागली की जनरेटर किती तास चालला यावर डिझेलचा खर्च ठरतो. सत्रे किती झाली याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. म्हणून डिझेलसाठी जनरेटरच्या नोंदवहीतले तीन वर्षांचे महिनावार तास काढा आणि त्यावरून अंदाज करा. जून ते सप्टेंबरचा भाग वेगळा दाखवला तर पैसे कोणत्या महिन्यात लागतील तेही कळते.

सत्रे मोजा, आणि तीन वह्या एकमेकींशी ताडून पाहा

सगळी मांडणी सत्रांच्या आकड्यावर उभी राहणार आहे, म्हणून इथे घाई करू नका. सत्रांचा आकडा तीन ठिकाणी सापडतो: सिस्टरच्या डायलिसिस रजिस्टरमध्ये, बिलिंगमध्ये आणि स्टोअरच्या वहीत, म्हणजे सुयांच्या किती जोड्या दिल्या त्यावरून. हे तीनही आकडे तंतोतंत जुळत नाहीत. रजिस्टरमधली सत्रे बिलिंगपेक्षा जास्त असतील तर काही सत्रांचे बिलच झालेले नाही, किंवा मोफत केलेली सत्रे कुठे नोंदलेली नाहीत. सुयांच्या जोड्या सत्रांपेक्षा बऱ्याच जास्त असतील तर पुन्हा टोचावे लागण्याचे प्रमाण वाढले आहे किंवा सुया दुसऱ्या वॉर्डात जात आहेत. बजेटसाठी रजिस्टरचा आकडा धरा, फरकाचे कारण शोधून लिहून ठेवा.

आपल्या उदाहरणात २४ रुग्ण आठवड्याला दोनदा येतात. म्हणजे आठवड्याला ४८ आणि ५२ आठवड्यांत २,४९६ सत्रे. पण रजिस्टर सांगते की प्रत्यक्षात सुमारे ९२ टक्केच झाली. कोणी बेळगावात दाखल होते, कोणाचे निधन झाले, कोणाचे प्रत्यारोपण झाले, अतिवृष्टीत रस्ता बंद पडला, कोणी यात्रेला गेले. म्हणून बजेटला २,३०० सत्रे धरली. कागदावरचे २,४९६ धरले असते तर जवळपास दोनशे सत्रांचे सामान फुकट मागितले गेले असते.

मोजतानाच रुग्णांची पैसे भरण्याच्या प्रकाराने विभागणी करून ठेवा: आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेचे कार्डवाले, चंदगड-गडहिंग्लजकडून येणारे महाराष्ट्राचे रहिवासी, आणि रोखीने भरणारे. एका सत्राचा खर्च तिघांचाही सारखाच असतो, पण पैसे हातात येण्याची वेळ सारखी नसते. कार्डवाल्या सत्रांचा क्लेम मंजूर होऊन रक्कम जमा होईपर्यंत सामान आपल्याच पैशाने घ्यावे लागते. वर्षाचे बजेट बरोबर असूनही जूनमध्ये पुरवठादाराला द्यायला पैसे नाहीत, ही वेळ त्यामुळे येते. ही विभागणी हाताशी असली की महिनावार रोख तक्ता लगेच करता येतो.

एका सत्राला काय लागते ते कारणासकट लिहा

इथे सिस्टर, टेक्निशियन आणि स्टोअरकीपर तिघेही समोर हवेत. ‘एका सत्राला किती लागते’ असे विचारले की सवयीचा आकडा मिळतो. तो कशावरून आला ते विचारत जायचे.

पार्ट-ए द्रावणाचे घेऊ. यंत्रातून मिनिटाला ५०० मिली डायलिसेट, म्हणजे पाण्यात पातळ करून तयार झालेले द्रावण, वाहतो. चार तास म्हणजे २४० मिनिटे, म्हणजे १२० लिटर. यंत्र द्रावण ३५ पट पातळ करणारे असेल तर १२० भागिले ३५ म्हणजे सुमारे ३.४ लिटर पार्ट-ए लागते. सुरुवातीची तयारी आणि शेवटचे धुणे धरून ३.७५ लिटर म्हणू. कॅन १० लिटरचा असतो. २,३०० सत्रांना ८,६२५ लिटर, म्हणजे ८६३ कॅन. कॅन २५० रुपयांना धरला तर २,१५,७५० रुपये. पातळ करण्याचे प्रमाण यंत्रागणिक वेगळे असते, तेव्हा तुमच्या यंत्राच्या सेटिंगमधले प्रमाण पाहूनच भागाकार करा.

प्रत्येक वस्तूसाठी हाच हिशेब तक्त्यात एका सूत्राने होतो. B1 मध्ये सत्रे, B2 मध्ये दर सत्राला लागणारे प्रमाण, B3 मध्ये एका पॅकमधले प्रमाण आणि B4 मध्ये पॅकची किंमत भरा:

```
=ROUNDUP(B1*B2/B3,0)*B4
```

डायलायझरचे गणित जरा नाजूक आहे. अनेक ठिकाणी एकाच रुग्णासाठी तोच डायलायझर निर्जंतुक करून पुन्हा वापरतात. प्रत्येक वेळी त्याच्या आतल्या पोकळ तंतूंत किती द्रव मावतो ते मोजतात आणि ते मूळ मापाच्या ८० टक्क्यांखाली आले की डायलायझर टाकून देतात. हेपॅटायटिस-बी असलेल्या रुग्णाचा डायलायझर पुन्हा वापरतच नाहीत. बजेटसाठी सरासरी किती वापर होतात ते या मोजमापाच्या वहीतून घ्यायचे, कोणाच्या अंदाजाने नाही. आपल्या उदाहरणात ती सरासरी ५ निघाली. ९०० रुपयांचा डायलायझर म्हणजे दर सत्राला १८० रुपये.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. तक्त्यात ५ च्या जागी ८ लिहिले की बजेट झटकन उतरते, आणि बैठकीत असा आग्रह धरणारे कोणीतरी निघते. तो आकडा बजेटसाठी बदलायचा नाही. तो रुग्णाच्या रक्तशुद्धीवरून ठरतो आणि डॉक्टरांच्या अखत्यारीत आहे. अकाउंट्सने तो फक्त वहीतून उतरवून घ्यायचा.

बाकीच्या वस्तू अशाच मांडल्या: नळ्यांचा संच १५०, सुया ५०, पार्ट-ए आणि बी मिळून १३५, हेपरिन २५, सलाईन ४५, हातमोजे-सिरिंज-ड्रेसिंग ६५, जंतुनाशके आणि चाचणीपट्ट्या ५०. डायलायझरचे १८० मिळवून एका सत्राचे ७०० रुपये झाले. २,३०० सत्रांचे १६,१०,००० होतात. फुटतूट, अर्धवट बंद करावी लागणारी सत्रे आणि पुन्हा टोचणे यांसाठी ५ टक्के जादा धरले की १६,९०,५०० येतात.

आता गेल्या वर्षीचा आकडा काढा

गेल्या वर्षीचे बजेट मांडणी पूर्ण झाल्यावरच उघडायचे. आधी उघडले की सगळ्यांचे आकडे नकळत त्याच्याकडे सरकतात.

आपल्या विभागात याच सामानासाठी गेल्या वर्षी १९,०३,००० मंजूर होते आणि १८,९०,००० खर्च झाले. दर करार तोच होता आणि सत्रेही २,३००च होती. म्हणजे लागायला हवे होते १६,१०,०००. वरचे २,८०,००० कुठे गेले?

उत्तर दोन ठिकाणी मिळाले. दोन वर्षांपूर्वी आसपासचे एक केंद्र काही महिने बंद होते. त्या वर्षी तिकडचे रुग्ण इकडे आले, सत्रे २,७०० झाली आणि त्या वेळच्या कमी दराने १७,३०,००० खर्च झाले. पुढच्या वर्षी ते केंद्र सुरू झाले, रुग्ण परत गेले, पण बजेट मात्र १७,३०,००० वर दहा टक्के वाढवून ठरले. पाहुणे रुग्ण गेले तरी त्यांचे सामान आकड्यात राहिलेच. मग विभागाने काय केले? फेब्रुवारीअखेर रक्कम शिल्लक दिसली. ती खर्च झाली नाही तर पुढच्या वर्षी कापली जाईल म्हणून मार्चमध्ये २,६०,००० चे सामान घेतले. उरलेले २०,००० हे खरे नासधुशीचे होते.

विभागाला यात दोष देता येत नाही. वाढीव पद्धतीत पैसे वाचवणाऱ्याचे पुढच्या वर्षी नुकसान होते, म्हणून कोणताही शहाणा विभागप्रमुख तसेच करतो. तुमच्याकडे हे होते का ते पाहायला फार वेळ लागत नाही. स्टोअरच्या वहीतून बारा महिन्यांची खरेदी एका ओळीत लिहा. मार्चचा आकडा बाकीच्या महिन्यांच्या सरासरीच्या दुप्पट असेल, तर तुमच्या बजेटचा पाया सुटलेला आहे. मग स्टोअरमध्ये जाऊन मागच्या रांगेतल्या खोक्यांवरची मुदत पाहा. आपल्या उदाहरणात त्या २,६०,००० मधले ४०,००० चे सामान मुदत संपायला आले होते.

उरलेले २,२०,००० चे सामान वापरण्याजोगे आहे. पण सुमारे महिन्याभराचा साठा, म्हणजे १,४०,००० चा, नेहमी हाताशी लागतोच. तो वजा केल्यावर ८०,००० ची खरेदी यंदा कमी करता येते. शून्याच्या मांडणीत सुरुवातीचा साठा वजा करायला लोक विसरतात, आणि मग पहिल्याच तिमाहीत दुप्पट सामान येऊन पडते.

जे कधीच बजेटमध्ये नव्हते

शून्याधारित म्हणजे कात्री लावणे, असा समज विभागात लगेच पसरतो. आपल्या विभागातली सिस्टरही पहिल्याच बैठकीत म्हणाली, “आमचंच कापायला आलाय काय ओ?” या प्रश्नाला उत्तर देणारा भाग हाच आहे. गेल्या वर्षी जी ओळ नव्हती तिला टक्के कशावर लावणार? म्हणून वाढीव पद्धतीत ती ओळ कधीच येत नाही.

आरओचे पाणी हे याचे ठळक उदाहरण. डायलिसिसच्या रुग्णाच्या रक्ताशी आठवड्याला शेकडो लिटर पाण्याचा संबंध येतो, मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन किंवा क्लोरामाइन कार्बन फिल्टरने अडवले नाही तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून एकूण क्लोरीन लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचे नसते. कार्बनची क्षमता आणि आरओचे मेम्ब्रेन ठरावीक काळाने संपतात. ते दोन-तीन वर्षांतून एकदा बदलावे लागतात, म्हणून बरोबर ‘गेल्या वर्षी’ ते झालेले नसते आणि बजेटमधून सुटतात. मग मेम्ब्रेन निकामी झाले की तातडीची खरेदी, मिळेल त्या भावात.

‘सत्राला काय लागते’ ही यादी करताना टेक्निशियनने पाण्याचा मुद्दा काढला म्हणून तो कागदावर आला. मेम्ब्रेन आणि कार्बन बदलायला १,२०,००० आणि पाण्याच्या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांना २४,०००, असे १,४४,००० वाढले. १६,९०,५०० मध्ये हे मिळवून १८,३४,५०० झाले.

निर्णयाचे संच आणि त्यांचा क्रम

आतापर्यंत झाली ती किमान पातळी: आहेत ते २४ रुग्ण, सुरक्षित पाण्यासह. हा पहिला संच. शून्याधारित पद्धतीत यानंतर एकेक जादा काम त्याच्या खर्चासह वेगळे मांडतात आणि क्रम लावतात. प्रत्येक संच एका पानात बसला पाहिजे: काय करणार, खर्च किती, केले नाही तर काय होईल, दुसऱ्या कोणत्या मार्गाने होईल. यातले शेवटचे दोन प्रश्न सर्वात उपयोगाचे.

विभागाची मागणी होती नव्या यंत्राची, कारण चार रुग्ण प्रतीक्षा यादीत होते. ‘दुसऱ्या कोणत्या मार्गाने होईल’ याचे उत्तर लिहायला बसल्यावर वेळापत्रक उघडावे लागले. यंत्रे सहा. त्यातले एक हेपॅटायटिस-बी रुग्णांसाठी वेगळे राखलेले, तसा रुग्ण सध्या नाही, म्हणून ते हिशेबात धरलेच नाही. पाच यंत्रे, दोन पाळ्या, सहा दिवस, म्हणजे आठवड्याला ६० सत्रांची सोय. लागत होती ४८. बारा जागा रिकाम्या होत्या, बहुतेक दुपारच्या पाळीतल्या, कारण सकाळी डायलिसिस करून घरी जाणारी बस सगळ्यांनाच हवी असते. चार रुग्णांना आठवड्याला आठ सत्रे लागतात. ती त्या बारांत बसतात. यंत्राची गरज नाही, दुपारच्या पाळीनंतर परतीची सोय करायची गरज आहे.

म्हणून दुसरा संच असा झाला: चार नवे रुग्ण, उपस्थितीचे प्रमाण धरून सुमारे ३८० सत्रे, ५ टक्के जादा धरून दर सत्राला ७३५ रुपये, म्हणजे २,७९,३००. पाळीवर माणसे आधीच असल्याने पगार वाढत नाही.

तिसरा संच प्रत्येक सत्राला नवा डायलायझर वापरण्याचा. दर सत्राला १८० च्या जागी ९०० लागले तर २,३०० सत्रांना १६,५६,००० जास्त. ट्रस्टला यंदा तो झेपणार नाही, पण संच लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. मोठी खरेदी एकत्र केल्यास दर किती उतरतो ते पुरवठादाराला विचारता येते, देणगीदारासमोर नेमका आकडा ठेवता येतो. चौथा संच नव्या यंत्राचा. तो क्रमाने शेवटी गेला.

पहिले दोन संच मंजूर केले तर १८,३४,५०० अधिक २,७९,३००, म्हणजे २१,१३,८००. हाती असलेल्या साठ्याचे ८०,००० वजा केल्यावर २०,३३,८००. वाढीव पद्धतीने १९,०३,००० वर दहा टक्के लावले असते तर २०,९३,३०० झाले असते. त्याहून कमी पैशात पाण्याची यंत्रणा नीट होते आणि प्रतीक्षा यादीतले चारही जण आत येतात.

क्रम लावताना दोन डाव ओळखायला शिका. पहिला, जे कोणी नाकारूच शकणार नाही ते मुद्दाम शेवटच्या संचात टाकायचे. पाण्याच्या तपासण्या खाली आणि नवे एसी वर दिसले की समजावे. तपासण्यांसाठी सगळी यादी मंजूर करावी लागेल, असा तो हिशेब असतो. दुसरा, किमान संच फुगवायचा. किमान संच गेल्या वर्षीच्या खर्चाच्या अगदी जवळ आला, तर बहुधा कोणी मांडणी न करता जुनाच आकडा फोडून लिहिलेला असतो. दोन्हींवर उपाय एकच: रुग्णाच्या सुरक्षेशी संबंधित सगळे पहिल्याच संचात असेल हा नियम डॉक्टरांनी आधी लिहून द्यावा, आणि क्रम लावायला विभागाबाहेरचे एक माणूस बसवावे, शक्यतो स्टोअरचा हिशेब कळणारे.

शाळेत हे कसे लागू होते

शाळेच्या बजेटमध्ये बहुतेक रक्कम पगाराची असते. अनुदानित शाळेत तो सरकारकडून येतो, म्हणून तिथे शून्याची मांडणी करून हाती काही लागत नाही. ती प्रयोगशाळा, बस आणि छपाई यांच्यापुरती करा. सत्राच्या जागी ‘एक विद्यार्थी, एक प्रयोग’ किंवा ‘एक किलोमीटर’ हे एकक धरा. सीमाभागातल्या ज्या मराठी शाळांत पट उतरत चालला आहे तिथे याची जास्त गरज आहे. साठ मुलांच्या काळात ठरलेला रसायनांचा आकडा अठ्ठावीस मुलांवरही टक्के चढवत चालत राहतो, आणि त्याच वेळी फुटलेल्या सूक्ष्मदर्शकाला पैसे नसतात.

वर्षभर पुढे काय करायचे

नोव्हेंबरमध्ये मोजणी, डिसेंबरमध्ये दर सत्राचे प्रमाण, जानेवारीत संच आणि क्रम, फेब्रुवारीत ट्रस्टची मंजुरी. पहिल्या वर्षी वेळ जास्त लागतो, कारण वह्या जुळत नाहीत. पुढची दोन वर्षे पुन्हा सगळे मांडायचे नाही. दर सत्राचे ७०० रुपये नव्या कोटेशनप्रमाणे दुरुस्त करून अपेक्षित सत्रांनी गुणायचे. ही वाढीव पद्धतच आहे, फक्त वाढ कामाच्या संख्येवर बसते. तिसऱ्या वर्षी पुन्हा शून्यापासून. मार्चची घाई थांबवायची असेल तर ट्रस्टने लेखी ठराव करावा की वाचलेल्या रकमेतला काही भाग पुढच्या वर्षी त्याच विभागाला साधनसामग्रीसाठी मिळेल. तो ठराव नसेल तर बाकीच्या मेहनतीचा उपयोग एक वर्षच टिकतो.

दर महिन्याला तपासायचे ते मात्र चुकवू नका. मंजूर रकमेचा बारावा भाग आणि झालेला खर्च यांची तुलना फसवी असते, कारण सत्रे दर महिन्याला सारखी नसतात. झालेली सत्रे गुणिले ७००, एवढा खर्च अपेक्षित. समजा जूनमध्ये १९८ सत्रे झाली. अपेक्षित १,३८,६००, स्टोअरमधून गेले १,५२,००० चे सामान. फरक १३,४००.

आता वस्तूवार पाहा. पार्ट-एचे ७५ कॅन लागायला हवे होते, गेले ८७. बारा कॅन जास्त, ३,००० रुपये. दुपारी विभागात जाऊन पाहिले तर पाळी संपताना प्रत्येक यंत्राखालचा अर्धा-पाव भरलेला कॅन मोरीत रिकामा होत होता. पुढच्या पाळीला नवाच कॅन लावायचा अशी सवय पडली होती. उघडलेले द्रावण किती वेळ आणि कसे झाकून ठेवता येते ते उत्पादकाच्या सूचनेत दिलेले असते. ते टेक्निशियनकडून तपासून घेऊन भिंतीवर लावले की हा फरक पुढच्या महिन्यात दिसेनासा होतो.

डायलायझर ४० लागायला हवे होते, गेले ४९. हे ८,१०० रुपये. इथे सामान जपून वापरा असे सांगणे चूक ठरेल. मोजमापाच्या वहीत नावे पाहिली तर जादा नऊपैकी बहुतेक तीनच रुग्णांचे निघाले. त्यांचे डायलायझर दुसऱ्या-तिसऱ्या वापरातच ८० टक्क्यांखाली जात होते, म्हणजे तंतूंत रक्त गोठत होते. हेपरिनचा डोस अपुरा पडत असेल, फिस्टुलातून रक्ताचा प्रवाह कमी मिळत असेल, किंवा सत्र संपताना रक्त परत देताना सलाईन कमी वापरले जात असेल. ती तीन नावे त्याच दिवशी डॉक्टरांकडे द्यायची, आणि त्या महिन्याच्या तक्त्यात डायलायझरच्या फरकापुढे ‘वैद्यकीय कारण, तपास चालू’ असे लिहून ती रक्कम मंजूर करायची.